चंद्र आणि शुक्रापासून मंगळ कसा बघायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"एकाने मंगळ नाही सांगितलं, दुसऱ्याने आहे सांगितलं, आता काय करू" हा प्रश्न सारखा येतो, आणि दहातल्या बऱ्याच वेळा भांडण एकाच गोष्टीचं असतं, एकाने फक्त लग्नापासून मोजलेलं असतं आणि दुसऱ्याने चंद्र-शुक्रापासूनपण. म्हणून इथे फक्त तेवढ्याच विषयाचे प्रश्न घेतलेत. राशी-ग्रह म्हणजे काय इथपासून सुरुवात केलेली नाही, पण पत्रिका हातात असेल तर सगळं समजेल.

१. चंद्रापासून मंगळ, शुक्रापासून मंगळ म्हणजे नेमकं काय? मी तर फक्त "पत्रिकेत मंगळ आहे" एवढंच ऐकलंय.

नेहमीचा नियम असा की लग्नापासून मोजून १, ४, ७, ८ किंवा १२ व्या स्थानात मंगळ असला की पत्रिकेला मंगळ आहे म्हणायचं. "लग्ने व्यये च पाताले जामित्रे चाष्टमे कुजे" हा जो श्लोक सगळे सांगतात त्यात हीच पाच स्थानं आहेत (पाताल म्हणजे चौथं, जामित्र म्हणजे सातवं). दक्षिणेकडे दुसरं स्थानही धरतात, काही ठिकाणी पहिल्याच्या ऐवजी आणि काही ठिकाणी जास्तीचं म्हणून.

आता हेच मोजणं लग्नाच्या जागी चंद्र ज्या राशीत आहे ती राशी पहिली धरून केलं की चंद्रापासूनचा मंगळ, आणि शुक्राची राशी पहिली धरून केलं की शुक्रापासूनचा मंगळ. मंगळ जागचा हलत नाही, तो एकाच राशीत असतो, आपण फक्त मोजायला सुरुवात कुठून करतो ते बदलतं. त्यामुळे एकाच पत्रिकेत "आहे" आणि "नाही" दोन्ही उत्तरं खरी असू शकतात.

२. पण चंद्र आणि शुक्रच का? सूर्य किंवा गुरूपासून का नाही मोजत?

लग्न म्हणजे देह, चंद्र म्हणजे मन आणि शुक्र म्हणजे विवाहाचा कारक ग्रह, असं ज्योतिषात मानतात. संसार या तिन्हींवर चालतो म्हणून तिन्हीकडून बघायचं, असा त्यामागचा विचार.

मला यातलं जास्त पटण्यासारखं कारण दृष्टीचं वाटतं. मंगळाला चौथी, सातवी आणि आठवी अशा तीन दृष्टी आहेत. तो पहिल्यात असला तर सातव्या दृष्टीने सप्तमाकडे बघतो, चौथ्यात असला तर चौथ्या दृष्टीने सप्तमाकडे बघतो, बाराव्यात असला तर आठव्या दृष्टीने परत सप्तमाकडेच बघतो, आणि सातव्यात असला तर तिथेच बसलेला असतो. आठवं स्थान आयुष्याचं आणि स्त्रीच्या पत्रिकेत मांगल्याचं म्हणून धरतात. म्हणजे पाचपैकी चार स्थानांचा संबंध थेट सप्तमाशी आहे. आता चंद्रापासूनचं सप्तम आणि शुक्रापासूनचं सप्तम हीसुद्धा जोडीदाराचीच स्थानं मानतात, मग तिथेही मंगळ पोचतो का ते बघणं ओघानेच आलं. सूर्याला किंवा गुरूला या नियमात संदर्भ म्हणून घेत नाहीत (गुरूचं काम वेगळं आहे, ते प्रश्न ९ मध्ये).

३. घरच्या घरी कसं मोजायचं? माझ्या पत्रिकेत लग्न कुंडली आणि राशी कुंडली अशा दोन आकृत्या आहेत.

मग तुमचं अर्धं काम झालेलंच आहे. राशी कुंडली म्हणजेच चंद्र कुंडली, त्यात चंद्राची राशी वरच्या मधल्या घरात लिहिलेली असते. तिथून डावीकडे, घड्याळाच्या उलट दिशेने घरं मोजत जा आणि "मं" कितव्या घरात येतो बघा. शुक्राची वेगळी कुंडली सहसा छापत नाहीत, ती आपणच मोजायची, लग्न कुंडलीत "शु" जिथे आहे ते घर एक धरायचं आणि तसंच डावीकडून पुढे मोजायचं.

आकृतीत गोंधळ होत असेल तर आकड्यांनी करा. मेष १, वृषभ २, मिथुन ३, कर्क ४, सिंह ५, कन्या ६, तूळ ७, वृश्चिक ८, धनु ९, मकर १०, कुंभ ११, मीन १२. मंगळाच्या राशीच्या आकड्यातून ज्याच्यापासून मोजायचंय त्या राशीचा आकडा वजा करा, उत्तर ऋण आलं तर १२ मिळवा, आणि शेवटी १ मिळवा. समजा चंद्र कुंभेत (११) आणि मंगळ कन्येत (६), तर ६ वजा ११ म्हणजे उणे ५, त्यात १२ मिळवले की ७, आणि १ मिळवला की ८. चंद्रापासून आठवा मंगळ. झालं.

४. मी मोजलं तर सातवा येतो आणि गुरुजी म्हणतात आठवा. कोण चुकतंय?

बहुतेक तुम्ही सुरुवातीची राशी सोडून मोजलंय. ज्या राशीत चंद्र आहे ती राशीच पहिली, तिच्या पुढची नाही. ही सगळ्यात कॉमन चूक आहे आणि यात पाचवा मंगळ चौथा होतो, सातवा सहावा होतो, म्हणजे कधी नसलेला दोष दिसतो आणि कधी असलेला लपतो.

दुसरी चूक म्हणजे घरात लिहिलेला आकडा हाच स्थानाचा नंबर समजणं. आपल्याकडच्या कुंडलीत घरातला आकडा राशीचा असतो. मंगळाशेजारी ८ लिहिलंय म्हणजे तो वृश्चिकेत आहे, अष्टमात असेलच असं नाही.

तिसरी, आणि ही फक्त चंद्राच्या बाबतीत होते, नावरास वापरणं. घरात सगळे ज्या राशीने ओळखतात ती कधीकधी हाक मारायच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून आलेली असते, जन्मरास वेगळीच असते. मोजायचं ते जन्मराशीवरूनच. आणि परदेशी अ‍ॅपवरून पत्रिका काढली असेल तर ती सायन असू शकते, सायन आणि निरयन यात साधारण २४ अंशांचा फरक आहे, म्हणजे बहुतेक ग्रह एक राशी पुढे दिसतात. सगळेच एक राशी पुढे गेले तर मोजणी तीच येते, पण काही ग्रह सरकतात आणि काही नाही, तिथे घोळ होतो. निरयन पत्रिकाच घ्या.

५. लग्नापासून मंगळ नाही पण चंद्रापासून आहे. मग मी मंगळी आहे की नाही?

एक पत्रिका घेऊनच बघू. मुलीचं सिंह लग्न (५), चंद्र वृश्चिकेत (८), शुक्र मीनेत (१२), मंगळ मिथुनेत (३).

लग्नापासून: ३ वजा ५ उणे २, अधिक १२ म्हणजे १०, अधिक १ म्हणजे ११. अकरावा मंगळ, दोष नाही. चंद्रापासून: ३ वजा ८ उणे ५, अधिक १२ म्हणजे ७, अधिक १ म्हणजे ८. आठवा मंगळ, दोष आहे. शुक्रापासून: ३ वजा १२ उणे ९, अधिक १२ म्हणजे ३, अधिक १ म्हणजे ४. चौथा मंगळ, दोष आहे.

आता जे ज्योतिषी फक्त लग्न बघतात ते हिला सरळ बिनमंगळाची म्हणतील आणि पुढे जातील. जे लग्न आणि चंद्र बघतात ते मंगळ आहे म्हणतील, वर अष्टमातला म्हणून जरा गंभीरपणे म्हणतील. जे तिन्ही बघतात ते "दोन ठिकाणांहून आहे" म्हणतील. तिघांचीही मोजणी बरोबर आहे, कोणी खोटं बोलत नाहीये. म्हणून "मी मंगळी आहे का" याचं नुसतं हो-नाही उत्तर घेऊ नका, "लग्नापासून नाही, चंद्रापासून आठवा, शुक्रापासून चौथा" असं पूर्ण वाक्य लिहून ठेवा, स्थळ बघताना तेच कामाला येतं.

६. तिन्हींत जास्त महत्त्वाचं कुठलं?

इथे एकमत नाहीये. एक पद्धत लग्नाला पूर्ण वजन देते, चंद्राला अर्धं आणि शुक्राला पाव. दुसरी बरोबर उलटं म्हणते, लग्नापासूनचा सौम्य, चंद्रापासूनचा त्याहून जास्त, आणि शुक्र विवाहाचाच कारक म्हणून त्याच्यापासूनचा सगळ्यात कडक. तिसरे लोक तिन्ही सारखे धरतात.

याने किती फरक पडतो ते बघा. वरच्या मुलीला एक स्थळ आलं, मुलाचं मकर लग्न (१०), चंद्र वृषभेत (२), शुक्र तुळेत (७), मंगळ सिंहेत (५). मोजलं तर लग्नापासून आठवा, चंद्रापासून चौथा, शुक्रापासून अकरावा. म्हणजे मुलाला लग्न आणि चंद्राकडून आहे, शुक्राकडून नाही. मुलीला चंद्र आणि शुक्राकडून आहे, लग्नाकडून नाही.

पहिल्या पद्धतीने मुलाचे १ अधिक अर्धा म्हणजे दीड, मुलीचे अर्धा अधिक पाव म्हणजे पाऊण. मुलाचा दोष दुप्पट, जमत नाही. वजनं उलटी केली, शुक्राला १ आणि लग्नाला पाव, तर मुलगा पाऊण आणि मुलगी दीड. आता मुलीचा दोष दुप्पट! आणि तिन्ही सारखे धरले तर दोन-दोन, बरोबरीत सुटले, पत्रिका जुळली. ग्रह तेच, माणसं तीच, फक्त आकडे कुठे जास्त द्यायचे ते बदललं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, कुठली पद्धत श्रेष्ठ यावर वाद घालण्यापेक्षा दोन्ही पत्रिकांना एकच पद्धत लावली आहे का ते आधी बघा. मुलाचा मंगळ फक्त लग्नापासून आणि मुलीचा तिन्हीकडून असं बघितलेलं खूपदा दिसतं, आणि त्यात मुलीवर अन्याय होतो, दुसरं काही नाही.

७. तिन्हीकडून मोजलं तर जवळजवळ प्रत्येकालाच मंगळ निघेल ना?

हो, आणि हे फार कमी जण सांगतात. बारा स्थानांपैकी पाच दोषाची, म्हणजे एका ठिकाणाहून मंगळ असण्याची शक्यता १२ मध्ये ५, साधारण ४२ टक्के. मंगळ कुठल्याही स्थानात सारख्याच वेळा येतो आणि तिन्ही संदर्भ एकमेकांवर अवलंबून नाहीत असं ढोबळमानाने धरलं तर तिन्हीकडून सुटणारे शंभरात फक्त २० च्या आसपास राहतात. बाकीच्या ८० जणांना कुठून ना कुठून मंगळ आहेच. दक्षिणेसारखं दुसरं स्थान जास्तीचं धरून सहा स्थानं केली तर ८७-८८.

त्या ८० मध्येही फरक आहे. साधारण ४२-४३ जणांना एकाच ठिकाणाहून, ३० जणांना दोन ठिकाणांहून, आणि तिन्हीकडून फक्त ७ जणांना. हा हिशोब ढोबळ आहे, पण चित्र बदलणार नाही.

यातून निघतं ते असं की तिन्ही संदर्भ धरायचे आणि वर "मंगळाची मुलगी नको" म्हणायचं, हे एकत्र चालूच शकत नाही. दोन्ही पत्रिका तिन्हीकडून स्वच्छ असलेली जोडी शंभरात चारेक निघेल. तिन्हीकडून बघण्याची पद्धत मुळात दोन पत्रिकांची एकमेकांशी तुलना करण्यासाठी उपयोगाची आहे, एकाच पत्रिकेवर शिक्का मारण्यासाठी नाही.

८. जन्मवेळ नक्की माहीत नाही. चंद्र-शुक्रापासून बघितलं तर चालेल का?

लग्नापेक्षा नक्कीच जास्त भरवशाचं आहे. लग्न साधारण दर दोन तासांनी बदलतं, त्यामुळे अर्ध्या तासाच्या चुकीनेही मंगळाचं स्थान बदलू शकतं. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो, तासाला अर्ध्या अंशाच्या थोडं वर सरकतो. शुक्र एका राशीत साधारण पंचवीस ते तीस दिवस आणि मंगळ दीड महिना, वक्री असले तर आणखी जास्त. म्हणजे वेळ तास-दोन तास इकडे तिकडे असली तरी बहुतेकदा चंद्रापासूनचं उत्तर तेच राहतं आणि शुक्रापासूनचं तर तारीख बरोबर असली की जवळपास पक्कंच.

अपवाद राशीच्या टोकाचा. चंद्र २९ अंश ४० कलांवर असेल तर पाऊण तासाच्या आत तो पुढच्या राशीत जातो, मग आठवा मंगळ सातवा होईल किंवा बारावा अकरावा होईल. म्हणून चंद्राचे अंश बघा, पहिला किंवा शेवटचा एखादा अंश असेल तर वेळेची खात्री केल्याशिवाय काही ठरवू नका. अशा वेळी दोन सॉफ्टवेअर वेगवेगळं अयनांश घेत असतील तर तेवढ्यानेही राशी बदलते.

पण याची दुसरी बाजूपण समजून घ्या. लग्नापासूनचा मंगळ त्या दोन तासांत त्या भागात जन्मलेल्यांचा. चंद्रापासूनचा त्या दोन-सव्वादोन दिवसांत जगात कुठेही जन्मलेल्या सगळ्यांचा. आणि शुक्रापासूनचा तर काही आठवड्यांत जन्मलेल्या सगळ्यांचा सारखाच, कारण शुक्र आणि मंगळ दोघेही तितके दिवस तिथेच असतात. शाळेत एका वर्गात पुढे-मागे वाढदिवस असलेल्या कितीतरी मुलांना शुक्रापासूनचा तोच मंगळ असणार. एवढ्या लोकांना सारखी असलेली गोष्ट एकट्या तुमच्या संसाराबद्दल बारीकसारीक काही सांगेल अशी अपेक्षा ठेवू नये, म्हणूनच मला शुक्राला सगळ्यात जास्त वजन देणारी पद्धत पटत नाही.

९. लग्नापासूनचा मंगळ परिहाराने गेला. मग चंद्रापासूनचापण आपोआप जातो का?

परिहार कुठल्या प्रकारचा आहे त्यावर आहे, आणि इथेच जाणकारांचीही गल्लत होते.

काही परिहार मंगळाच्या राशीवर असतात, मंगळ स्वतःच्या मेष-वृश्चिकेत किंवा उच्चीच्या मकरेत असला तर दोष नाही, काहींच्या मते सिंह आणि कुंभेतही नाही. काही परिहार दुसऱ्या ग्रहावर असतात, जसं मंगळावर गुरूची दृष्टी किंवा गुरूशी युती. हे दोन्ही प्रकार कुठूनही मोजा, बदलत नाहीत, कारण मंगळाची राशी आणि गुरूची दृष्टी तीच राहते. त्यामुळे ते एकदा लागू झाले की तिन्हीकडून लागू. प्रश्न ५ मधल्या मुलीचा गुरू धनूत असेल तर तो सातव्या दृष्टीने मिथुनेतल्या मंगळाला बघतो, मग चंद्रापासूनचा आणि शुक्रापासूनचा दोन्ही दोष गेले असं मानणारे खूप आहेत. मुलाचा मंगळ सिंहेतला, तो नियम मानला तर त्याचाही गेला.

तिसरा प्रकार स्थान आणि राशी दोन्ही मिळून होणारा. पहिल्यात मेषेचा, बाराव्यात धनूचा, चौथ्यात वृश्चिकेचा, सातव्यात मकरेचा, आठव्यात कर्केचा मंगळ असेल तर दोष नाही, असा. हा प्रत्येक संदर्भापासून परत तपासावा लागतो. समजा धनु लग्न आहे आणि कर्केचा मंगळ अष्टमात आहे, लग्नापासूनचा दोष या नियमाने गेला. पण चंद्र मेषेत असेल तर तोच मंगळ चंद्रापासून चौथा येतो, आणि चौथ्यासाठी परिहार वृश्चिकेचा आहे, कर्केचा नाही. म्हणजे चंद्रापासूनचा दोष उरतो. रिपोर्टमध्ये नुसतं "परिहार आहे" लिहिलं असेल तर कुठल्या नियमाने ते विचाराच.

१०. मंगळ चंद्राबरोबरच किंवा शुक्राबरोबरच बसलाय. हे सगळ्यात वाईट ना?

मोजणीने तो पहिला मंगळ होतो, त्यामुळे पाच स्थानांच्या नियमात दोष धरला जातो. पण चंद्र-मंगळ युतीला धनयोग म्हणून चांगलं मानतात, आणि या युतीने मंगळदोष जातो असं म्हणणारेही आहेत. शुक्र-मंगळ युतीच्या बाबतीत, जे पहिल्याऐवजी दुसरं स्थान धरतात त्यांच्या हिशोबात हा दोषच होत नाही. सगळ्यात वाईट वगैरे काही नाही.

११. माझं लग्न आणि चंद्र एकाच राशीत आहेत, मला "डबल मंगळ" आहे म्हणाले.

लग्न आणि चंद्र एकाच राशीत असले की दोन्हीकडून मोजणी तीच येणार, लग्नापासून सातवा असेल तर चंद्रापासूनही सातवाच. हे दोन वेगळे पुरावे नाहीत, एकच गोष्ट दोनदा लिहिली आहे. वजनांची बेरीज करणाऱ्या पद्धतीत (प्रश्न ६) अशा पत्रिकेचा आकडा उगाच फुगतो. उलट मंगळ दोषाच्या स्थानात नसेल तर दोन्हीकडून एकदम सुटका होते, तेव्हा कोणी "डबल शुभ" म्हणत नाही. शुक्रही त्याच राशीत असेल तर तिन्ही मिळून एकच मोजणी समजा.

चंद्र लग्नापासून सातव्यात असेल तर गंमतशीर जोडी तयार होते, पहिला मंगळ सातवा होतो आणि सातवा पहिला, पण चौथा, आठवा, बारावा यातला कुठलाही चंद्रापासून दोषाच्या स्थानात येत नाही.

१२. २८ वय झालं की मंगळ जातो म्हणतात, ते चंद्रापासूनच्या मंगळालापण लागू आहे का?

ही समजूत मानणारे तिन्ही संदर्भांना सारखीच लावतात. जन्मपत्रिकेतली मोजणी मात्र वयाने बदलत नाही, त्यामुळे रिपोर्ट परत काढला तर तेच येणार.

१३. घरचे घाबरलेत, शुक्रापासून आठवा मंगळ म्हणजे जोडीदाराला धोका म्हणे. खरंच का?

श्लोकाचा पुढचा भाग जोडीदाराच्या नाशाबद्दलच बोलतो, भीती तिथून आली. पण असा मंगळ असलेल्यांचे जोडीदार लवकर जातात याला कुठलाही शास्त्रीय आधार नाही. आणि प्रश्न ८ मध्ये बघितलंत तसं शुक्रापासूनचा आठवा मंगळ त्या आठवड्यांत जन्मलेल्या प्रत्येकाला आहे, त्या सगळ्यांचे संसार मोडलेले नाहीत, तुमच्या ओळखीतच त्या महिन्यात जन्मलेले चार-पाच जण बघा.

पत्रिका बघायचीच असेल तर बघणाऱ्याला आधीच तीन गोष्टी विचारा: पाच स्थानं धरता की सहा, लग्नाशिवाय चंद्र-शुक्र धरता का आणि कुणाला किती वजन देता, आणि परिहार कुठले मानता. उत्तरं लिहून घ्या आणि दोन्ही पत्रिका त्याच नियमांनी तपासून द्या म्हणून सांगा. मुलाकडच्यांनी त्यांच्या गुरुजींकडून आणि मुलीकडच्यांनी आपल्या गुरुजींकडून काढलेले दोन रिपोर्ट शेजारी ठेवून कधीच तुलना करू नका.